'चेक करा' म्हणून पाठवलेली नीटची उत्तरं तपासायची कशी

परीक्षेच्या संध्याकाळी पोरांचे मेसेज येतात: 'दादा, चेक करा', आणि खाली नुसती आकड्यांची रांग. ती तपासायला बसू नका. आधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर येईपर्यंत एकही गुण सांगू नका.

पहिली गोष्ट प्रश्नपुस्तिकेचा कोड, कारण कोडप्रमाणे प्रश्नांचा क्रम बदलतो. तो मुखपृष्ठावर छापलेला असतो आणि पुस्तिका मुलाकडेच असते, म्हणून फोटोच मागवा.

दुसरी, उत्तरतालिका कुणाची? क्लासवाल्यांची तालिका त्याच रात्री येते आणि दोन क्लासच्या तालिका काही प्रश्नांवर हमखास भांडतात. नंतर परीक्षा घेणारी संस्था एनटीए तात्पुरती तालिका काढते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात आणि शेवटी अंतिम तालिका येते. २०२४ मध्ये तर निकालानंतरही उत्तर बदललं. भौतिकशास्त्रातल्या अणूविषयीच्या एका प्रश्नाला पर्याय २ आणि ४ दोन्ही धरले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी फक्त ४ बरोबर ठरवला आणि जुलैत सुधारित निकाल लागला. २ लिहिणाऱ्यांचे पाच गुण गेले: मिळालेले चार आणि वर उणे एक. म्हणून गुण सांगताना तालिकेचं नाव आणि तारीख सोबत सांगायचीच.

तिसरी, गुणदान. नीटला बरोबरला ४, चुकीला उणे १, सोडलेल्याला ०. एमएचटी-सीईटीला ऋण गुणच नाहीत, तिथे हा हिशोब लावू नका. २०२१ ते २०२४ च्या जुन्या पेपरवर सराव केला असेल तर प्रत्येक विषयाच्या 'ब' विभागातल्या १५ पैकी सोडवलेले पहिले १०च प्रश्न मोजा.

आता तपासणी. शीटमध्ये A स्तंभात प्रश्न क्रमांक, B मध्ये मुलाचं उत्तर, C मध्ये तालिकेचं. सगळे आकडे एकाच लिपीत हवेत, कारण शीटला २ आणि 2 वेगळे दिसतात. '3-2' अशी प्रश्न-उत्तराची जोडी तशीच चिकटवलीत तर शीट तिची तारीख करून टाकते. चिकटवण्याआधी त्या पेशींचं स्वरूप 'मजकूर' करा, मग जोडी फोडून A आणि B मध्ये टाका. दोन उत्तरं मान्य असतील तर C मध्ये दोन्ही आकडे मध्ये जागा सोडून लिहा. D मध्ये हे सूत्र:

```
=IF(B2="",0,IF(ISNUMBER(SEARCH(B2,C2)),4,-1))
```

प्रश्न रद्द झाला असेल तर एनटीएची त्या वर्षीची सूचना वाचून तो गुण हाताने भरा.

खरी गोम पुढे आहे, रांग सरकण्यात. मूल एखाद्या सोडलेल्या प्रश्नाचं रिकामं घर ठेवायला विसरतं आणि तिथून खालचं प्रत्येक उत्तर एक घर वर चढतं. यावर 'नीट बघून भरा' हा सल्ला निरुपयोगी आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, मोजणीला दिसतं.

एक हिशोब बघा. १८० प्रश्न, मुलाने सोडवलेले १७०, पण सोडलेल्यांची रिकामी घरं धरूनही रांगेत घरं भरतात १७९च. तशीच तपासली तर ९९ बरोबर, ७१ चूक, म्हणजे ३२५ गुण. मूल रडकुंडीला येतं. आता ११८ पर्यंतचे वेगळे मोजा: सोडवलेल्या ११२ पैकी ८५ बरोबर. त्यापुढे ५८ पैकी फक्त १४. पर्याय चार, म्हणजे डोळे मिटून ठोकलं तरी साधारण चौथा हिस्सा जुळतोच. चांगलं चाललेलं मूल एका प्रश्नापासून अचानक त्या पातळीवर उतरलं, की अभ्यासाला दोष देऊ नका, रांग तपासा. ११९ ला रिकामं घर घातल्यावर ५८ पैकी ४७ जुळतात. एकूण १३२ बरोबर, ३८ चूक, ४९० गुण. एका गाळलेल्या घराने १६५ गुण खाल्ले होते.

पण जास्त गुण येतात म्हणून घर घालायचं नाही. पुस्तिकेत ११९ वर खूण आहे का, ते मुलाला बघायला लावा. नसेल तरच घाला. मला या बाबतीत हुशार अंदाज चालत नाहीत.

पहिल्या प्रश्नापासूनच जुळणी चौथ्या हिश्शाच्या आसपास असेल तर बहुधा रांग सरकलेली नाही, कोड चुकलाय. पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो पुन्हा उघडा.

एनटीए ओएमआरची प्रत दाखवते, तेव्हा B स्तंभ पुसून त्यावरूनच भरा. पुस्तिकेतल्या खुणा आणि प्रत्यक्ष रंगवलेलं वर्तुळ यांत फरक निघाला, तर गुण वर्तुळाचेच धरले जातात.