सही करण्याआधी शिफ्टिंगचा खर्च लेखी घ्या

बेळगावहून बेंगळुरूला नोकरी लागली की एचआर फोनवर ‘शिफ्टिंगचं बघू’ म्हणतं, पण ऑफर लेटरमध्ये त्याची ओळ नसते. ती सहीआधीच घालून घ्यावी लागते.

१. दोन मूव्हर्सकडून लेखी कोटेशन घ्या. पॅकिंग, हमाली, विमा, जीएसटी वेगवेगळे दाखवायला सांगा.

२. कोटेशन जोडून मेल करा: ‘सामानाचा खर्च बिलाप्रमाणे आणि घर मिळेपर्यंत १५ दिवस गेस्ट हाऊस मिळावं.’ शनिवार-रविवारीच घरं बघता येतात, म्हणून आठवडा पुरत नाही. एकरकमी भत्ता देऊ म्हणाले तर हातात किती पडेल ते विचारा. तो पगारात धरतात; ३० टक्क्यांच्या टप्प्यात ५०,००० चे उपकरासह कर कापून ३४,४०० उरतात.

३. वसुलीची अट नीट वाचा. वर्षाच्या आत सोडल्यास सगळी रक्कम परत, असं असेल तर ‘उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ करून घ्या. मग ६०,००० घेऊन नऊ महिन्यांनी सोडलं तर १५,००० च भरावे लागतात.

जपा: टेम्पोवाल्याची कच्ची पावती अकाउंट्सवाले परत पाठवतात. बिल तुमच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह हवं.