या चुका टाळा: घरातलं माणूस गेल्यावर पॅन कार्ड सगळ्यात शेवटी रद्द करा

माणूस गेल्यावर तेराव्यानंतर घरात कागदपत्रांची पिशवी बाहेर निघते. पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र, पॅन. सगळं एकदाचं संपवून टाकू, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण घाईत क्रम चुकतो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हेच झालं. काका ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. मुलाने डिसेंबरातच पॅन रद्द करण्याचा अर्ज दिला आणि ते रद्दही झालं. पुढच्या जूनमध्ये कळलं की काकांच्या मुदत ठेवींवर बँकेने टीडीएस कापलाय आणि तो परत मिळण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२३ पासून काका गेले त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र काकांच्याच पॅनवर भरायचं होतं, आणि ते पॅन बंद. ते पुन्हा सुरू करून घेण्यासाठी आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज, हमीपत्र, हेलपाटे. सगळं त्या वयात काकूंच्या वाट्याला आलं, याचं फार वाईट वाटतं.

आधी दाखल्यावरचं नाव तपासा

मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर विलंब शुल्क लागत नाही. दाखला हातात आला की तो पॅन आणि पासपोर्टशेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर जुळवा. एका कागदावर दत्तात्रय आणि दुसऱ्यावर दत्तात्रेय असेल, तर पुढे प्रत्येक खिडकीवर तेच विचारतील. दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथेच होते, म्हणून ती आधी उरका. मूळ कागद कुठेही जमा करण्यापूर्वी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. पासपोर्टच्या शेवटच्या पानाचीही काढा, कारण तिथे पत्ता आणि जोडीदाराचं नाव असतं.

मतदार यादी: अर्ज कुणी करायचा?

हे काम सगळ्यात आधी करा, त्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही. नमुना ७ भरायचा, कारण म्हणून मृत्यू निवडायचा आणि दाखला जोडायचा. voters.eci.gov.in वर किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे अर्ज देता येतो. चूक होते ती इथे: वडील साताऱ्याचे मतदार, अर्ज करणारा मुलगा पुण्याचा. नमुना ७ त्याच मतदारसंघाच्या यादीत नाव असलेल्या व्यक्तीने भरायचा असतो. आईचं नाव तिथे असेल तर अर्ज आईच्या नावाने करा.

पासपोर्ट आणि लायसन्स

पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता असते. मूळ पासपोर्ट, दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि साधा अर्ज घेऊन पासपोर्ट कार्यालयात रद्द करून घ्या. आठवण म्हणून ठेवायचा असेल तर रद्द केल्यानंतर परत द्यावा, असं अर्जातच लिहा. मृत्यू परदेशात झाला असेल, तर तिथला भारतीय दूतावास मृत्यूची नोंद करतानाच पासपोर्ट रद्द करतो.

लायसन्स दाखल्याच्या प्रतीसह आरटीओत जमा करा. पण लायसन्सच्या मागे लागून गाडी विसरू नका, ही चूक मी फार घरांत पाहिली आहे. गाडी मृताच्या नावावर असेल तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं आणि वारसाच्या नावावर करण्यासाठी तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. तेवढ्यात विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाला तर पहिला प्रश्न गाडी कुणाच्या नावावर आहे हाच येतो.

आता पॅन

आधी बँक खाती, ठेवी, डिमॅट, म्युच्युअल फंड, विमा हे सगळं वारसांच्या नावावर होऊ द्या. मग आयकर पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉग इन करून Authorised Partners मधून Register as Representative Assessee निवडा आणि वारस म्हणून नोंदणी करा. त्यासाठी मृत्यूदाखला, दोघांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. मंजुरी मिळाली की मृत्यूच्या तारखेपर्यंतचं विवरणपत्र भरा. त्या तारखेनंतरचं व्याज त्यात धरू नका, ही दुसरी नेहमीची चूक. 26AS या आयकर खात्याच्या टीडीएस विवरणात वर्षभराचा टीडीएस एकत्र दिसतो, म्हणून बँकेकडून तारखेनुसार व्याजाचा तपशील मागून घ्या.

परतावा खात्यात जमा झाला आणि कुठलीही नोटीस बाकी नाही याची खात्री झाली, की संबंधित आयकर अधिकाऱ्याला पत्र द्या: मृताचं नाव, पॅन, जन्मतारीख, सोबत दाखल्याची प्रत. हा अधिकारी कोण, हे पोर्टलवर Know Your AO मध्ये सापडतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या आणि ती मृत्यूदाखल्याच्याच फाईलला लावा.