सोसायटीच्या एजीएमची नोटीस: या चुका टाळा

मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवतात, कारण कायद्याने ती ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तेव्हा नोटिशीत एका दिवसाची चूक झाली तरी सभा पुढे ढकलायला फारशी जागा उरत नाही.

सर्वात जास्त चुकते ते दिवस मोजणे. आदर्श उपविधींनुसार नोटीस १४ पूर्ण दिवसांची हवी आणि त्यात नोटीस काढल्याचा व सभेचा दिवस धरायचा नाही. समजा, सभा २७ सप्टेंबरला आहे. मधले १४ दिवस म्हणजे १३ ते २६, म्हणून नोटीस १२ तारखेलाच निघाली पाहिजे. ती १३ ला काढली तर १३च दिवस भरतात. चूक वेळीच लक्षात आली तर सुधारित नोटीस १५ सप्टेंबरपर्यंत काढून सभा ३० तारखेला संध्याकाळी घेता येते. त्यानंतर मात्र हिशेब जमत नाही. याच दिवसांत गणपती असले तर छपाई आणि वाटप दोन्ही रेंगाळतात, म्हणून नोटीस ऑगस्टअखेरच तयार ठेवावी.

नोटिशीवर तारीख १२ ची, पण वॉचमनने वाटली १५ ला, असेही होते. तक्रार झाली की वाटपाच्या वहीतल्या सह्याच विचारल्या जातात. फलकावर लावलेला कागद किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो एवढ्यावर विसंबू नका. फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणाऱ्या सभासदाला नोंदलेल्या पत्त्यावर पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. भाडेकरूच्या हातात दिलेली नोटीस सभासदाला मिळेलच असे नाही.

विषयपत्रिकेत मागच्या सभेचे इतिवृत्त, समितीचा अहवाल, लेखापरीक्षित हिशेब, लेखापरीक्षण अहवाल, पुढच्या वर्षाच्या लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय सहसा असतातच. हिशेबाची प्रत मात्र नोटिशीसोबतच द्या; ती सभेच्या टेबलावर ठेवली तर कोणी वाचत नाही आणि त्यावरूनच वाद पेटतो.

खरा घोळ ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या ओळीखाली होतो. इमारतीच्या रंगकामाचा लाखोंचा ठराव तिथे मंजूर केला, तर गैरहजर सभासद रास्तपणे म्हणतो, ‘मला कळवलंच नव्हतं.’ नोटिशीत नुसते ‘रंगकामाबाबत चर्चा’ लिहूनही भागत नाही. ‘बाहेरील रंगकामासाठी आलेल्या निविदांवर विचार करून कंत्राटदार ठरवणे आणि प्रत्येक सदनिकेची वर्गणी निश्चित करणे’ असे लिहा. उपविधीदुरुस्ती असेल तर प्रस्तावित मजकूरही जोडा.

गणपूर्तीची ओळही विसरू नका. दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांपैकी कमी ती संख्या लागते. २४ सभासदांच्या इमारतीत १६. गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल आणि तिला गणपूर्तीची अट नसेल, हे नोटिशीतच छापलेले हवे. ते नसेल तर अर्धा तास थांबून सभा उरकता येत नाही, नवी तारीख घ्यावी लागते.