डब्याची वही घेऊन मुलाखतीला: घरगुती डब्यांचा अनुभव नोकरीच्या अर्जात कसा मांडावा

कंत्राटी कॅन्टीन चालवणाऱ्या एका कंपनीसाठी मी काही वर्षं मुंबईत माणसं निवडायचं काम केलं. भांडुपहून आलेल्या एका ताईंना मी विचारलं, "अनुभव?" त्या म्हणाल्या, "तसा काही नाही. घरीच असते, थोडे डबे देते." मी कागदावर 'नवखी' असं लिहून पुढचं नाव पुकारलं. उठता उठता त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, तेव्हा सोबत एक लांबट, तेलाचे डाग पडलेली वही बाहेर आली. सहज चाळली तर सहा वर्षांचा हिशेब. कोणाचा डबा कधी बंद, कोणाची बाकी किती, कोणाला बिनलसणाचं. मग त्यांना परत बसवलं. पुढे जे सांगतोय ते बरंचसं त्या वहीवरून सुचलेलं आहे.

आधी वही मोजा

बायोडेटा लिहायला लगेच बसू नका. तीन महिने निवडा: एक नेहमीचा, एक मे महिना (मंडळी गावी जातात, डबे कमी होतात) आणि एक सणासुदीचा. तिन्हींची सरासरी काढा. ताईंची सरासरी रोज 38 डबे निघाली. मेमध्ये 31, गर्दीच्या महिन्यात 44. सांगताना 44 सांगायचा मोह होतो, पण 38 सांगा. समोरच्याने खोदून विचारलं तरी तो आकडा टिकतो.

मग पैसे. 38 डबे, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 988 डबे. डब्याला 95 रुपये धरले तर महिन्याची उलाढाल 93,860 रुपये. त्यातून किराणा, भाजी, दूध-दही 51,000, गॅस 6,000, पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे 9,000, डबे पोचवणाऱ्याचे 8,500, पॅकिंगचे 2,000. एकूण खर्च 76,500, हातात उरले 17,360. ताईंनी हे आकडे असे एका ओळीत कधी मांडलेच नव्हते. उरलेले पैसे घरखर्चात जात होते, त्यामुळे 'मी कमावते किती' हा प्रश्नच पडला नव्हता.

यातला एक आकडा कॅन्टीनच्या धंद्यात फार कामाचा आहे. आलेल्या रुपयातले साधारण 54 पैसे मालावर गेले. याला आम्ही फूड कॉस्ट म्हणतो, आणि कॅन्टीन मॅनेजरचं अर्धं डोकं त्यातच अडकलेलं असतं. घरून डबे देणाऱ्या बाईला टोमॅटो महागल्यावर भाजी बदलावी लागते, कारण ग्राहकाला दर लगेच वाढवून सांगता येत नाही. म्हणजे फूड कॉस्ट ती रोजच सांभाळते, फक्त त्याचं नाव तिला माहीत नसतं.

जाहिरात वाचा आणि पायरी ओळखा

ताईंनी अर्ज केला होता पवईतल्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या सुपरवायझरच्या जागेसाठी. रोज 250 जणांचं जेवण. जाहिरातीत कामं होती: माल मागवणं, स्टोअरची नोंद, पुरवठादारांशी बोलणं, स्वच्छतेची तपासणी, माणसांच्या पाळ्या लावणं.

कागदाच्या एका बाजूला ही कामं लिहा आणि समोर आपलं काम ठेवा. माल मागवणं? महिन्याची किराणा यादी त्या स्वतः करायच्या, दोन दुकानांचे भाव बघून. भाजी आठवड्यातून दोनदा पहाटे दादरच्या मार्केटातून. वेळ? डबे सकाळी सव्वानऊला घराबाहेर पडलेच पाहिजेत, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत पोचणार नाहीत. स्टोअरची नोंद? तांदूळ किती उरला हे त्या डोळ्यांनी ओळखायच्या, लिहून ठेवत नव्हत्या. माणसांच्या पाळ्या? हाताखाली एक मावशी आणि एक डबे पोचवणारा, पाळ्या कधी लावाव्याच लागल्या नाहीत. इथे समोरची जागा रिकामी सोडा, उगाच काहीतरी भरू नका.

रिकाम्या जागा बघूनच कळतं की 38 डब्यांवरून 250 ताटांच्या सुपरवायझरवर थेट उडी जड आहे. एक पायरी खाली बघा: स्टोअर असिस्टंट, किचन असिस्टंट, शाळेचं किंवा छोट्या रुग्णालयाचं स्वयंपाकघर. आणखी एक गोष्ट. जाहिरातीत मालकाच्या सहीचं अनुभव प्रमाणपत्र सक्तीचं असेल, जसं सरकारी भरतीत अनेकदा असतं, तर स्वतःच स्वतःला दिलेलं पत्र चालेल असं धरू नका. अर्जाची फी भरायच्या आधी तिथे विचारून घ्या.

बायोडेटात उतरवा

ताईंच्या पहिल्या बायोडेटात होतं: 'स्वयंपाकाची आवड. उत्तम व्यवस्थापन कौशल्य. मेहनती व प्रामाणिक.' अशा ओळी मी रोज चाळीस वाचायचो. त्याऐवजी हे लिहिलं:

घरगुती डबा सेवा, भांडुप (स्वयंरोजगार), मालक व चालक
जून 2018 ते मार्च 2020 आणि जानेवारी 2021 पासून आजपर्यंत
• रोज सरासरी 38 शाकाहारी डबे, महिन्याला 26 दिवस, सकाळी 9.15 ला रवाना
• महिन्याला सुमारे 51,000 रुपयांच्या किराणा-भाजीची खरेदी, दोन पुरवठादारांच्या दरांची तुलना करून
• एक मदतनीस आणि एक डबे पोचवणारा यांच्या कामाची आखणी आणि पगार
• ग्राहकांची मासिक बिलं, वसुली आणि बाकीची नोंद

मधली खंडाची तारीख मुद्दाम तशीच ठेवली. लॉकडाऊनमध्ये ऑफिसं बंद, लोकल बंद, मग डबे कोणाला देणार? मुंबईत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सलग सहा वर्षं लिहिलं असतं, तर नेमकी तीच ओळ खोटी ठरली असती.

हुद्द्याचं नाव साधं ठेवा. 'मालक व चालक' किंवा 'प्रोप्रायटर' चालतं. एका मावशीच्या मदतीने चालणाऱ्या डब्यांना 'मॅनेजिंग डायरेक्टर' लिहिलेलं मी पाहिलंय. वाचणारा हसतो, आणि मग खालचे खरे आकडेही हसण्यावारी जातात.

कागद कोणते

खाण्याचा धंदा घरून असला तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ती FoSCoS या पोर्टलवर होते आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. कॅन्टीनवाले हा क्रमांक ओळखतात, त्यामुळे तो बायोडेटात वर लिहा. उद्यम नोंदणी `udyamregistration.gov.in` वर आधारवरून होते आणि तिला सरकारी फी नाही. दिसायला तशीच असणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं असतात, पत्ता नीट बघा.

पण एक समजून घ्या. उद्यमच्या प्रमाणपत्रावर धंदा सुरू झाल्याची तारीख तुम्हीच सांगितलेली असते. गेल्या महिन्यात काढलेला कागद आज नोंदणी आहे एवढंच दाखवतो, मागची सहा वर्षं दाखवत नाही. ती दाखवायला जुन्या खुणा लागतात: बँक खात्यावर दर महिन्याला आलेले ग्राहकांचे पैसे, यूपीआयचे व्यवहार, किराणा दुकानाची बिलं, वहीची दोन-तीन पानं. ग्राहकांची नावं आणि नंबर झाकून झेरॉक्स काढा.

याहून वजन असतं माणसाच्या शब्दाला. दोन पत्रं मिळवा: एक जुन्या ग्राहकाकडून, एक किराणावाल्याकडून. 'ताई फार चांगल्या आहेत' अशा पत्राचा उपयोग नाही. ताईंनी एका छोट्या ऑफिसातल्या साहेबांकडून घेतलेलं पत्र असं होतं: "ऑगस्ट 2021 पासून आमच्या ऑफिसातले 6 ते 8 जण यांच्याकडून डबा घेतात. डबा पावणेएकच्या आत येतो. बिल दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत लेखी मिळते." खाली सही आणि फोन. पत्र देणाऱ्याला आधी सांगून ठेवा की अमुक जागेसाठी फोन येईल. नाहीतर तो "कोण? हो हो, डबेवाल्या" एवढंच बोलून मोकळा होतो.

फॉर्मचे अडचणीचे रकाने

'सध्याचा पगार' इथे बहुतेक जणी एकतर शून्य टाकतात नाहीतर 93,860. दोन्ही चूक. उलाढाल म्हणजे पगार नव्हे. 17,360 लिहा आणि जागा असेल तर पुढे 'खर्च वजा जाता सरासरी मासिक उत्पन्न'. पीएफचा यूएएन मागितला तर 'लागू नाही'. 'नोटीस पिरियड' मात्र खरा असतो: ग्राहकांना दुसरी सोय करायला किती दिवस द्याल? ताईंनी 15 दिवस लिहिले, म्हणजे चालू महिन्याचे डबे पुरे करून.

याच ठिकाणी कोणीतरी नातेवाईक पुढे येतो: "माझ्या फर्मचं लेटर देतो, तीन वर्षं कामाला होतीस म्हण." घेऊ नका. पडताळणी करणारे फर्मला फोन करतात, पगार बँकेत आला का बघतात, पीएफ विचारतात. असं एक पत्र माझ्यासमोर उघडं पडलं होतं. त्या मुलीचा शिवणकामाचा खरा अनुभव चांगला चार वर्षांचा होता, तोही मग कोणी ऐकून घेतला नाही.

शिवणकामाचा विषय निघालाच आहे तर: तिथे वही म्हणजे मापांची आणि तारखांची वही. आठवड्याला किती ब्लाउज, त्यातले अस्तराचे किती, ठरल्या तारखेला किती दिले, दुरुस्तीला किती परत आले. बुटीकवाला हा शेवटचा आकडा आधी विचारतो.

समोर बसल्यावर

'थोडेसे', 'घरच्या घरी', 'जमेल तसं' हे शब्द घरी ठेवून जा. "रोज 38 डबे देते" एवढं म्हणून थांबा, पुढचं त्यांना विचारू दे. कॅन्टीन चालवणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात: ही बाई कोणाच्या हाताखाली काम करेल का, आणि चार महिन्यांनी परत डबे सुरू करून जाईल का. "चालू धंदा का सोडताय?" या प्रश्नामागे हेच असतं. खरं कारण सांगा. ताई म्हणाल्या, "मुलगी कॉलेजात गेली, ठरलेल्या तारखेला पैसे हवेत. आणि पहाटे साडेचारला उठून ओट्याशी उभं राहणं आता झेपत नाही." आणि डबे पूर्ण बंद करणार की रविवारचे ठेवणार, तेही आधीच ठरवून जा. कंपनीला लपवलेला जोडधंदा आवडत नाही.

दुसऱ्या फेरीत आमच्या मॅनेजरने त्यांना विचारलं, "पोळ्यांच्या मावशी आल्याच नाहीत तर?" ताईंनी सांगितलं, "सहाला फोन करते. सव्वासहापर्यंत आल्या नाहीत तर पोळ्या रद्द, त्या दिवशी मसालेभात आणि कढी. तांदूळ तीन किलो जास्तीचा असतोच. ग्राहकांना सातच्या आत मेसेज जातो, आणि डबा सव्वानऊलाच निघतो." मॅनेजरने विचारलं, "हे लिहून ठेवलंय कुठे?" ताई म्हणाल्या, "नाही, पण स्टोअरचं रजिस्टर दाखवलंत तर आठवड्यात शिकेन."

सुपरवायझरची जागा त्यांना मिळाली नाही. स्टोअर असिस्टंटची मिळाली, महिना 19,000, सहा महिने चाचणीवर.