सोलरच्या हिशेबात कार्बनचा भाव कसा धरावा

लातूरच्या एमआयडीसीतली एक डाळमिल घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. पत्र्यावर १०० किलोवॅटचं सोलर, खर्च ४५ लाख. हंगाम सरला की मिल अर्धवेळ चालते, म्हणून मिलमध्येच खपणारे वर्षाचे १,०५,००० युनिट तेवढे धरू. जादा विजेचे पैसे मुद्दाम शून्य.

पहिला हिशेब कार्बनशिवाय करा. वीजबिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागू नका. त्यात मागणी आकारही असतो आणि तो सोलरमुळे फारसा घटत नाही. युनिटमागे खरोखर वाचणारे ७ रुपये धरले तर बचत ७.३५ लाख. धुलाई, विमा आणि इन्व्हर्टर बदलायची तरतूद १.०५ लाख वजा केली की ६.३ लाख उरतात. मालकाला पैशावर १४ टक्के हवेत, मुदत २० वर्षं. २० वर्षांच्या बचतीची आजची किंमत काढून त्यातून खर्च वजा करू, एक्सेलमध्ये (लाखांत):

```
=PV(14%,20,-6.3)-45
```

उत्तर उणे ३.२७ लाख. प्रकल्प नापास.

आता कार्बनचा भाव लावा. हा कुणी आकारत नाही, आपणच निर्णयापुरता मानतो. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. टनाला १,००० रुपये मानले तर युनिटमागे ७० पैसे, वर्षाला साधारण ७३,५०० रुपये. सूत्रात ६.३ च्या जागी ७.०३५ घाला, उत्तर अधिक १.६ लाख येतं. पास. मात्र हे पैसे खात्यात जमा होत नाहीत. बँकेचा हप्ता ६.३ लाखांतूनच भागला पाहिजे.

माझ्या मते १,००० हा आकडा बरोबर की चूक यावर वाद घालण्यापेक्षा उत्तर शून्यावर येणारा भाव काढावा. इथे तो टनाला सुमारे ६७५ रुपये आहे. मालकाला तेवढा पटतो का, एवढंच विचारायचं.

मग महागाईची चाचणी. ऊर्जा महागली की वीजदर चढतो, तसं ॲल्युमिनियम, काच आणि वाहतूकही चढते. बहुतेक जण फक्त दर वाढवतात आणि खूश होतात. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवा: दर ७.७०, खर्च ४९.५ लाख. कार्बनशिवाय उणे २.९ लाख, कार्बनसह अधिक २ लाखांच्या आसपास.

इथेच गफलत होते. दरातली ७० पैशांची वाढ कोळसा, पगार किंवा तारांच्या खर्चामुळे असेल, तर कार्बनचा भाव त्याशिवाय आणखी धरता येतो. पण वीज कंपनीने कार्बनचाच खर्च ग्राहकावर टाकल्यामुळे ती झाली असेल, तर तेच ७० पैसे दोनदा मोजले जातात. तेव्हा कार्बनची ओळ काढा. प्रकल्प पुन्हा नापास.

शेवटी बिलातली वेळेनुसार दराची ओळ बघा. महाराष्ट्रात उद्योगांना दिवसा सवलत आणि संध्याकाळी अधिभार असतो. सरासरी दर वाढूनही उन्हाच्या तासांचा दर तसाच राहू शकतो, आणि सोलर वीज वाचवतं ती त्याच तासांची. म्हणून ७.७० हा आकडा दिवसाच्या दरावरूनच काढा.