मक्तेदाराचं उदाहरण सोडवायला बसण्याआधीची तयारी

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात मक्तेदारावर एक गणिती प्रश्न ठरलेला असतो. मागणीचं समीकरण देतात, एकूण खर्चाचं वर्गसमीकरण देतात आणि नफा महत्तम करणारं उत्पादन, किंमत व नफा काढायला सांगतात. पद्धत सगळ्यांना पाठ असते: सीमांत प्राप्ती बरोबर सीमांत खर्च. तरीही गुण जातात, आणि बहुतेक वेळा ते शेवटच्या ओळीत जातात, जिथे दुसरी अट तपासायची असते. ही यादी प्रामुख्याने त्या शेवटच्या ओळीसाठी आहे. आधीचे टप्पे भरभर उरकू.

पहिलं काम म्हणजे मागणीचं समीकरण कोणत्या बाजूने दिलंय ते पाहणं. परीक्षक बरेचदा Q = 50 − 0.5P असं देतात, म्हणजे किमतीवरून नग. आपल्याला नगावरून किंमत हवी असते, म्हणून आधी ते उलटवून P = 100 − 2Q असं लिहून घ्यायचं. हे न करता थेट डेरिव्हेटिव्ह घेतलं तर पुढचं सगळं गणित व्यवस्थित सुटतं आणि उत्तर चुकीचं येतं, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

दुसरं, एकूण खर्चाचे तीन तुकडे वेगळे ओळखायचे. समजा खर्च असा आहे:

```
TC = 50 + 10Q + Q²
```

यातले ५० हा स्थिर खर्च. तो सीमांत खर्चात येतच नाही, म्हणून किती नग काढायचे हे तो ठरवत नाही. नफा मात्र तेवढ्याने कमी होतो. Q चा सहगुणक १० म्हणजे सीमांत खर्च जिथून सुरू होतो तो आकडा. Q² चा सहगुणक इथे १ आहे, आणि त्याचं चिन्ह पेन्सिलीने गोल करून ठेवा. अधिक असेल तर सीमांत खर्च चढता, उणे असेल तर उतरता. सगळी गंमत या चिन्हात आहे, तिकडे येऊच.

तिसरं, सीमांत प्राप्ती. किंमत गुणिले नग करून एकूण प्राप्ती 100Q − 2Q² लिहायची आणि मग डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. मागणीची रेषा सरळ असेल तर सीमांत प्राप्ती त्याच बिंदूपासून सुरू होते आणि दुप्पट वेगाने उतरते, हे माहीत असलं तरी एक ओळ लिहून दाखवावी. तिला गुण असतात. आता समीकरण मांडू:

```
MR = 100 − 4Q
MC = 10 + 2Q
100 − 4Q = 10 + 2Q
Q = 15
```

पंधरा नग. आता किंमत काढताना हात सैल सोडू नका. १५ हा आकडा मागणीच्या समीकरणात घालायचा असतो, सीमांत प्राप्तीच्या नाही. मागणीत घातला तर किंमत ७० येते. सीमांत प्राप्तीत घातला तर ४० येतात, आणि ४० ही किंमत नव्हे, तो त्या ठिकाणचा सीमांत खर्च. एकूण प्राप्ती १०५०, एकूण खर्च ४२५, नफा ६२५. तुमचे नग २२.५ आणि किंमत ५५ आली असेल, तर तुम्ही किंमत बरोबर सीमांत खर्च धरलंत. ते पूर्ण स्पर्धेचं उत्तर, मक्तेदाराचं नव्हे.

इथवर आलेली मुलं पेन खाली ठेवतात किंवा ‘दुसरी अट पूर्ण होते’ असं एक वाक्य टाकून मोकळी होतात. का पूर्ण होते, ते लिहिलेलं नसतं. अट अशी: नफ्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह उणे हवं. नफ्याचं पहिलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे सीमांत प्राप्ती वजा सीमांत खर्च, म्हणून दुसरं म्हणजे त्या दोघांच्या उतारांची वजाबाकी. इथे −4 − 2 = −6, म्हणजे उणे. पंधरा नगांवर नफ्याचा माथा आहे. खात्री हवी असेल तर शेजारचे नग तपासा: चौदा नगांवर नफा ६२२, सोळा नगांवरही ६२२. दोन्हीकडे तीन-तीन रुपयांनी घसरण. परीक्षेत हे लिहायची गरज नाही, पण घरी एकदा करून पाहिलं की अट म्हणजे काय ते डोक्यात बसतं.

खर्च वर्गसमीकरण आणि मागणी सरळ रेषा असल्याचा एक फायदा म्हणजे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये Q उरत नाही. नुसता आकडा उरतो. म्हणून तो एकदा उणे आला की सगळीकडे उणे, आणि सापडलेला माथा एकमेव. खर्चात Q³ आला की ही सोय जाते. तिथे नगांचे दोन आकडे मिळतात आणि दुसऱ्या अटीनेच त्यांतला एक निवडावा लागतो.

आता त्या गोल केलेल्या चिन्हाकडे. मागणी तीच ठेवून खर्च बदलू:

```
TC = 200 + 60Q − Q²
MC = 60 − 2Q
```

सीमांत खर्च उतरता आहे. वीजवाहिन्यांचं किंवा पाण्याच्या नळांचं जाळं एकदा टाकलं की पुढची जोडणी स्वस्त पडते, तसला हा प्रकार. ‘सीमांत खर्च उतरता म्हणजे दुसरी अट मोडली’ असं अनेक जण इथे लिहून टाकतात. ते चूक आहे. समीकरण सोडवलं तर नग २०, किंमत ६०, प्राप्ती १२००, खर्च १०००, नफा २००. दुसरं डेरिव्हेटिव्ह −4 + 2 = −2. अजूनही उणे, अजूनही माथा.

कारण अट सीमांत खर्च चढता असण्याची नाहीच. सीमांत खर्चाचा उतार सीमांत प्राप्तीच्या उतारापेक्षा मोठा हवा, एवढंच. इथे −२ आणि −४ यांची तुलना आहे, आणि −२ हा −४ पेक्षा मोठा. चिन्ह विसरून २ आणि ४ ची तुलना केली की निष्कर्ष उलटा होतो. पेपर तपासणाऱ्याला ही चूक लगेच ओळखू येते. आकृतीत सांगायचं तर सीमांत खर्चाची रेषा सीमांत प्राप्तीच्या रेषेला खालून वर छेदत गेली पाहिजे. दोन्ही रेषा उतरत्या असल्या तरी चालतं, प्राप्तीची रेषा जास्त तीव्र उतरती असली की झालं.

हेच अक्षरांत एकदा लिहून ठेवलं की प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागत नाही:

```
P = a − bQ,  TC = F + cQ + dQ²
Q = (a − c) / 2(b + d)
दुसरी अट: b + d > 0
नफा = (a − c)² / 4(b + d) − F
```

पहिल्या उदाहरणात b + d म्हणजे ३, दुसऱ्यात १. नफ्याचं सूत्र वापरून दोन्ही उत्तरं पडताळा: ८१०० भागिले १२ वजा ५० म्हणजे ६२५; १६०० भागिले ४ वजा २०० म्हणजे २००. जुळलं.

आता b + d उणे असेल असं उदाहरण स्वतः सोडवा. ते सोडवल्याशिवाय ही तयारी पुरी झाली असं मला वाटत नाही. मागणी तीच, खर्च असा:

```
TC = 200 + 120Q − 3Q²
100 − 4Q = 120 − 6Q
Q = 10
```

दहा नग, किंमत ८०, सगळं नेहमीसारखं दिसतं. या ठिकाणी सीमांत खर्च ६०, म्हणजे धन. त्यातही खटकण्यासारखं काही नाही. पण प्राप्ती ८०० आणि खर्च ११००, म्हणजे तोटा ३००. काहीच उत्पादन केलं नाही तर फक्त स्थिर खर्चाचे २०० बुडतात. नऊ नगांवर तोटा २९९, अकरा नगांवरही २९९. म्हणजे आपण प्रामाणिकपणे समीकरण सोडवून मक्तेदाराला सर्वांत वाईट जागी नेऊन उभं केलं. दुसरं डेरिव्हेटिव्ह −4 + 6 = 2, धन, आणि दहा नगांवर माथा नसून तळ आहे.

अशा वेळी उत्तर काय लिहायचं? टोकं तपासायची. हा खर्च वीस नगांपर्यंतच अर्थपूर्ण आहे, कारण त्यापुढे सीमांत खर्च शून्याखाली जातो आणि जास्त माल काढला की एकूण खर्च घटतो असं वेडगळ चित्र तयार होतं. शून्य नगांवर तोटा २००, वीस नगांवरही नेमका २००. दोन्ही टोकं सारखीच, आणि दोन्ही मधल्या दहापेक्षा बरी. ‘पहिली अट किमान नफा देणारा बिंदू दाखवते, अंतर्गत महत्तम बिंदू नाही’ एवढं लिहून टोकांचे आकडे दिले की उत्तर पूर्ण होतं.

उतरत्या सीमांत खर्चाचं कोणतंही उदाहरण असो, आलेल्या नगावर सीमांत खर्च धन आहे ना, हे पाहायचंच. वर दुसऱ्या उदाहरणात तो वीस नगांवर २० होता, म्हणून ते उत्तर टिकलं.

पडताळणीची आणखी एक वाट आहे, लर्नरचा निर्देशांक. आबा लर्नर यांनी तो १९३४ मध्ये मांडला: किंमत वजा सीमांत खर्च, भागिले किंमत, हे लवचिकतेच्या व्यस्ताइतकं येतं. पहिल्या उदाहरणात ७० वजा ४० भागिले ७० म्हणजे ३/७, आणि सत्तर रुपयांना मागणीची लवचिकता 0.5 × 70 ÷ 15, म्हणजे ७/३. लवचिकता एकपेक्षा कमी आली तर कुठेतरी घोळ आहे, कारण सीमांत खर्च धन असताना मक्तेदार मागणीच्या अलवचिक भागात थांबत नाही.

शेवटी कराचा उपप्रश्न तयार ठेवा, तो हमखास येतो. दर नगावर १२ रुपये कर लावला की फक्त c मध्ये १२ वाढतात. b आणि d हलत नाहीत, म्हणून दुसरी अट जशीच्या तशी राहते. पहिल्या उदाहरणात नग पंधरावरून तेरा होतात आणि किंमत ७० ची ७४, म्हणजे कराचा एक तृतीयांश ग्राहकावर. दुसऱ्या उदाहरणात नग वीसवरून चौदा, किंमत ६० ची ७२. मागणी तीच, कर तोच, पण b + d एकवर आल्यामुळे सगळेच्या सगळे बारा रुपये ग्राहकाच्या खिशातून जातात.