कॉफी न पिणाऱ्याने कॉफीप्रेमीसाठी भेटीची टोपली अशी भरावी

स्वतः कॉफी पीत नसलो, की दुकानातल्या पाकिटांपुढे काहीच सुचत नाही. मी आता चवीचा विचारच सोडून दिलाय. त्याऐवजी समोरच्याचा ओटा बघते.

1. त्यांच्याकडे गेल्यावर कॉफीचं पाकीट आणि ती करायचं भांडं, दोन्हींचा फोटो काढा.
2. तो दुकानदाराला दाखवा. ग्राइंडर असेल तर अख्ख्या बियाच घ्या. नसेल तर भांड्याप्रमाणे दळून मागा: फ्रेंच प्रेससाठी जाडसर, एस्प्रेसोसाठी अगदी बारीक. जाडसर पूड एस्प्रेसोत घातली तर पाणी भर्रकन निघून जातं आणि कॉफी पाणचट, आंबट लागते.
3. नुकतीच भाजलेली, 100 ग्रॅमची दोनच पाकिटं घ्या.

टोपलीत सुगंधी साबण किंवा मेणबत्ती मात्र ठेवू नका. कॉफीला तो वास लागतो.